कशावरून काय ठरतं?

वाचनालयाची देवघेव वही संगणकावर घ्यायची ठरली, की पहिलं काम बहुधा मोबाइलच करतो. कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो काढतं, खाली ‘यावरून डेटाबेस करून द्या’ एवढं लिहितं आणि पाठवून देतं. फोटो जरा तिरका असतो. पानाच्या मधोमध घडी असते, एका कोपऱ्यात फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला असतो आणि शेवटचा रकाना अर्धा कापला गेलेला असतो. तरी काम करणाऱ्याला वाटतं, रकाने दिसताहेत, ओळी दिसताहेत, तर टेबल तयारच आहे. जसंच्या तसं टाइप केलं की झालं.

तसं केलं तर काय बिघडतं आणि न बिघडता कसं करायचं, हे एका पानावरून पाहू. पान या लेखासाठी बेतलेलं आहे. सभासद आणि आकडे काल्पनिक आहेत, पुस्तकं आणि लेखक मात्र खरे. फोटोत दिसतं ते असं:

| पावती | तारीख | सभासद | नाव | वर्ग | वर्गणी | पुस्तके | परत |
|---|---|---|---|---|---|---|---|
| २०१ | ३ जून | ११४ | कांबळे | अ | ५० | ३०५२ मृत्युंजय, शिवाजी सावंत. १८७७ बटाट्याची चाळ, पु. ल. देशपांडे | १२ जून. १९ जून |
| २०२ | 〃 | ८७ | शेख | ब | ३० | ४११० पानिपत, विश्वास पाटील | १० जून |
| २०३ | ४ जून | ११४ | देशमुख | ब | 〃 | २९१४ कोसला, भालचंद्र नेमाडे | |
| २०४ | १३ जून | ८७ | शेख | ब | ३० | ३०५२ मृत्युंजय, शिवाजी सावंत | |
| २०५ | २० जून | ११४ | कांबळे | अ | ५० | १८७७ बटाट्याची चाळ, पु. ल. देशपांडे, ४११० पानिपत, विश्वास पाटील | |

पुस्तकापुढचा आकडा हा त्याचा दाखल क्रमांक. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक प्रतीला तो वेगळा मिळतो. ‘मृत्युंजय’च्या दोन प्रती असतील तर त्यांचे दाखल क्रमांकही दोन. वर्गणी महिन्याची, रुपयांत.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली मांडली. मूळचा इंग्लंडचा हा गणिती तेव्हा कॅलिफोर्नियात आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होता. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवावी आणि तक्ते एकमेकांना त्यांच्यातल्या मूल्यांनीच जोडलेले असावेत, हे त्याचं म्हणणं. मग कोणती माहिती कोणत्या तक्त्यात ठेवायची, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर त्याने पुढच्या एक-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने दिलं. पहिलं, दुसरं आणि तिसरं नॉर्मल फॉर्म हे ते टप्पे, आणि या सगळ्या कामाला नॉर्मलायझेशन म्हणतात. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे फंक्शनल डिपेंडन्सी.

नाव जड असलं तरी प्रश्न अगदी साधा आहे: एक गोष्ट कळली की दुसरी नक्की ठरते का? सभासद क्रमांक ८७ म्हटलं की शेख हे नाव ठरतं, दुसरं कुठलंही नाव येऊ शकत नाही. हे आपण ‘सभासद → नाव’ असं लिहितो आणि ‘सभासदावरून नाव ठरतं’ असं वाचतो. उलट दिशेने ते खरं असेलच असं नाही. कांबळे हे नाव सांगितलं तर क्रमांक ठरत नाही, कारण गावात कांबळे पुष्कळ.

आता फोटोकडे या दृष्टीने पाहा. ‘लेखक → पुस्तक’ हे फोटोत तंतोतंत खरं आहे. प्रत्येक लेखकाचं एकच पुस्तक दिसतं. म्हणजे पु. ल. देशपांडे म्हटलं की ‘बटाट्याची चाळ’ ठरलंच का? हे कुणाही वाचकाला हास्यास्पद वाटेल. पण ते आपल्याला कळतं ते फोटोवरून नाही, आपल्या वाचनावरून. फोटोतल्या पाच ओळींनी या दाव्याला विरोध केला नाही, एवढंच. हाच फोटो मराठी न येणाऱ्या प्रोग्रॅमरकडे गेला तर त्याला ‘लेखक → पुस्तक’ आणि ‘दाखल → पुस्तक’ यांत काहीच फरक दिसणार नाही.

मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि शिकवताना सर्वांत जास्त वगळली जाते तीही हीच. पानावरच्या ओळी एखादी डिपेंडन्सी खोटी ठरवू शकतात, खरी ठरवू शकत नाहीत. ३०५२ हा दाखल क्रमांक पावती २०१ मध्येही आहे आणि २०४ मध्येही. तेवढ्यावरून ‘दाखल → पावती’ कायमचं बाद झालं. पण एखादी डिपेंडन्सी खरी आहे असं म्हणायला ओळी पुरत नाहीत, त्यासाठी वाचनालयाचा नियम लागतो. आणि तो नियम वहीत नसतो, ग्रंथपालबाईंच्या डोक्यात असतो.

तेव्हा फोन करावा लागतो. प्रश्न बाळबोध वाटतील असे असतात, पण ते टाळून चालत नाही. एका पावतीवर दोन सभासद येतात का? नाही, पावती एकाचीच. एक सभासद एका दिवसात दोन पावत्या करतो का? “हो, सकाळी नेतात आणि संध्याकाळी बदलायला येतात.” म्हणजे ‘सभासद, तारीख → पावती’ हे फोटोत खरं दिसत असलं तरी बाद. वर्ग अ आणि ब म्हणजे काय? अ वर्गाला एका वेळी दोन पुस्तकं, ब वर्गाला एक, आणि वर्गणी वर्गावर ठरते. मग वर्गणीवरून वर्ग ठरतो का? “आज ठरतो, पण बालविभाग सुरू झाला की त्यांचीही तीसच ठेवणार आहोत.” हेही बाद. आणि पुस्तकाच्या नावावरून लेखक ठरतो का? इथे बाई हसतात. “अहो, शेजवलकरांचं ‘पानिपत’ आहे ना आमच्याकडे!”

त्र्यं. शं. शेजवलकरांच्या इतिहासग्रंथाचं पूर्ण नाव ‘पानिपत : १७६१’, पण देवघेव वहीत कोण एवढं लिहितं? तिथे दोन्हींची नोंद नुसती ‘पानिपत’ अशीच होते. ‘पुस्तक → लेखक’ असं धरून कुणी नाव आणि लेखक यांचा वेगळा तक्ता केला आणि नाव ही त्याची प्रायमरी की ठेवली, तर ज्या दिवशी शेजवलकरांचा ग्रंथ नोंदायला जाल त्या दिवशी संगणक नकार देईल. पानिपत आधीच आहे, म्हणेल. मग काउंटरवरचा माणूस काय करतो, तर ‘पानिपत.’ असा पुढे टिंब देऊन घुसवतो. अशी टिंबं, मोकळ्या जागा आणि ‘पानिपत-२’ कुठल्याही जुन्या डेटाबेसमध्ये दिसली, की समजावं, डिपेंडन्सी चुकीची धरली होती.

विचारपूस संपली की कागदावर उरतं ते एवढंच:

```
पावती → तारीख, सभासद
सभासद → नाव, वर्ग
वर्ग → वर्गणी
दाखल → पुस्तक, लेखक
पावती, दाखल → परत
```

शेवटची ओळ जरा थांबून पाहण्यासारखी आहे. परत आल्याची तारीख नुसत्या पावतीवरून ठरत नाही, कारण २०१ या पावतीवरची दोन पुस्तकं वेगवेगळ्या दिवशी परत आली. नुसत्या दाखल क्रमांकावरूनही नाही, कारण तेच पुस्तक पुन्हा पुन्हा बाहेर जातं. दोन्ही मिळून सांगितलं तरच तारीख ठरते. कापल्या गेलेल्या रकान्याचं मथळ्यातलं नुसतं ‘दं’ दिसत होतं. तो दंडाचा, आणि तोही पुस्तकागणिक घेतात, म्हणून तो परत तारखेच्या सोबत जाईल. पुढे मी तो बाजूला ठेवतो.

या यादीचा एक उपयोग लगेच होतो. ‘सभासद → नाव’ हा नियम असेल, तर फोटोत ११४ पुढे एकदा कांबळे आणि एकदा देशमुख कसे? कुठेतरी वाचण्यात चूक आहे. फोटो मोठा करून पाहिला तर २०३ च्या ओळीवर फ्लॅशचा डाग आहे आणि त्यात ९ चा डोक्याचा वळसा पुसून गेला आहे. क्रमांक ९१४ आहे, ११४ नाही. हाताने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ ची ही गफलत नेहमीची. टाइप करून झाल्यावर अशा जागा शोधायला एवढी क्वेरी पुरते:

```
SELECT sabhasad FROM devghev
GROUP BY sabhasad
HAVING COUNT(DISTINCT naav) > 1;
```

ज्या क्रमांकापुढे एकाहून जास्त नावं आली ते क्रमांक ती दाखवते. अर्थात, तो आकडा चुकून कुणाचाच नसलेला, समजा ९९४, असा वाचला गेला असता तर ही युक्ती गप्पच बसली असती. एका क्रमांकाला एकच नाव, काही विरोध नाही! म्हणून संशयाच्या जागी दुसरा फोटो मागवणं केव्हाही बरं.

आता टप्पे. पहिल्या नॉर्मल फॉर्मची अट अशी, की प्रत्येक घरात एकच मूल्य असावं. २०१ च्या ओळीत पुस्तकांच्या घरात दोन पुस्तकं कोंबली आहेत आणि परतच्या घरात दोन तारखा. कोणती तारीख कोणत्या पुस्तकाची, हे फक्त लिहिण्याच्या क्रमावरून कळतं. ‘बटाट्याची चाळ’ आधी परत आलं असतं, तर बाईंनी पहिली तारीख कुठे लिहिली असती? शिवाय ४११० कुणाकडे आहे हे शोधायचं तर संगणकाला मजकुराच्या पोटात शिरून आकडा हुडकावा लागतो, आणि ४११० शोधताना १४११० ही सापडतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र ओळ द्यायची. दाखल क्रमांक, नाव आणि लेखक यांचे तीन वेगळे रकाने करायचे.

वरच्याप्रमाणेच आहे असं सांगणारी ती 〃 खूण मात्र लोक टाइप करून मोकळे होतात. वहीत ती चालते, कारण वहीतल्या ओळींचा क्रम हलत नाही. डेटाबेसच्या तक्त्यात ओळींना क्रमच नसतो. नावाप्रमाणे लावल्या की देशमुखांच्या वर्गणीतली ‘वरच्याप्रमाणे’ ही खूण कांबळ्यांच्या ओळीखाली येते आणि तीसचे पन्नास होतात. तेव्हा प्रत्येक खुणेच्या जागी खरं मूल्य भरलंच पाहिजे.

हे झाल्यावर पाच ओळींच्या सात झाल्या आणि आठ रकान्यांचे दहा. ओळ ओळखायला आता नुसता पावती क्रमांक पुरत नाही, पावती आणि दाखल क्रमांक ही जोडी लागते. तीच प्रायमरी की. वरच्या यादीवरून हे ताडूनही पाहता येतं. जोडी हातात आहे, तर पावतीवरून तारीख आणि सभासद मिळतो. सभासदावरून नाव आणि वर्ग, वर्गावरून वर्गणी. दाखलवरून पुस्तक आणि लेखक, आणि जोडीवरून परत. दहाही रकाने आले.

गंमत अशी, की पहिल्या टप्प्याने पसारा कमी होत नाही, वाढतो. पूर्वी २०१ ची तारीख, कांबळ्यांचं नाव आणि त्यांची वर्गणी एकदा लिहिली होती, आता दोनदा आहे. नवशिके इथे गोंधळतात आणि आपलं काहीतरी चुकलं म्हणून मागे फिरतात. चुकलेलं काही नसतं. आधी दडलेली पुनरुक्ती आता उघड्यावर आलेली असते, आणि ती उघड्यावर आल्याशिवाय काढता येत नाही.

ही पुनरुक्ती नुसती जागा खाते म्हणून वाईट नाही. जागा स्वस्त आहे. तिच्यामुळे तीन प्रकारच्या अडचणी येतात, ज्यांना अ‍ॅनॉमली म्हणतात, आणि त्या रोजच्या कामात भेटतात.

वाचनालयाने पंधरा नवी पुस्तकं घेतली. ती नोंदायची कुठे? ओळीच्या ओळखीसाठी पावती क्रमांक लागतो आणि अजून कुणी ती पुस्तकं नेलेलीच नाहीत. म्हणजे कुणीतरी नेईपर्यंत ती संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. ही भर घालतानाची अडचण. ‘कोसला’ची एवढी एकच पावती आहे. उद्या देशमुखांनी ती चुकून झाली म्हणून रद्द केली आणि ओळ पुसली, तर पावतीबरोबर २९१४ म्हणजे ‘कोसला’, लेखक नेमाडे, ही माहितीही गेली. पुस्तक कपाटात आहे, पण नोंद नाही. ही पुसतानाची. आणि ३०५२ च्या लेखकाचं नाव लिहिताना चूक झाली आहे असं लक्षात आलं, तर ते पुस्तक जितक्या वेळा बाहेर गेलं तितक्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात. दोन दुरुस्त झाल्या आणि एक राहिली, की एकाच प्रतीला दोन लेखक. ही बदलतानाची, आणि तिघींत सर्वांत घातक, कारण पहिल्या दोन लगेच दिसतात, ही महिनोन्‌महिने कळत नाही.

या सगळ्याचं कारण एकच आहे. पुस्तकाचं नाव आणि लेखक ओळखीच्या पूर्ण जोडीवर अवलंबून नाहीत, त्या जोडीच्या अर्ध्या भागावर, म्हणजे नुसत्या दाखल क्रमांकावर अवलंबून आहेत. तसंच तारीख आणि सभासदाचं सगळं काही उरलेल्या अर्ध्यावर, म्हणजे पावतीवर. हे अर्धवट अवलंबून असणं काढून टाकणं म्हणजे दुसरं नॉर्मल फॉर्म. तक्ता तीन तुकड्यांत मोडतो. दाखल, पुस्तक आणि लेखक यांचा एक. पावती, तारीख, सभासद, नाव, वर्ग आणि वर्गणी यांचा दुसरा. आणि पावती, दाखल व परत एवढ्यांचा तिसरा, ज्यात जोडीची खरी माहिती आहे.

आता पंधरा पुस्तकं पहिल्या तक्त्यात खुशाल नोंदवा, कुणी नेवो न नेवो. देशमुखांची पावती पुसा, ‘कोसला’ जागच्या जागी. लेखकाचं नाव एकाच ओळीत दुरुस्त करा.

तरी पावतीचा तक्ता अजून स्वच्छ झालेला नाही. त्यात ओळख एकाच रकान्याची आहे, पावतीची. म्हणजे अर्धवट अवलंबून असण्याचा प्रश्नच नाही, दुसऱ्या फॉर्मची अट पूर्ण. पण शेखांची पावती दोनदा आहे म्हणून शेख हे नाव, ब वर्ग आणि तीस रुपये हेही दोनदा आहेत. नाव पावतीवरून ठरतं खरं, पण थेट नाही. पावतीवरून सभासद ठरतो आणि सभासदावरून नाव. वर्गणीचा रस्ता आणखी लांब: पावतीवरून सभासद, सभासदावरून वर्ग, वर्गावरून वर्गणी. अशा मध्यस्थामार्फतच्या अवलंबनाला ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणतात. ओळखीत भाग नसलेल्या रकान्यांच्या बाबतीत तिला तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये जागा नाही.

अडचणी त्याच तीन, फक्त आता त्या पुस्तकांऐवजी माणसांच्या आणि पैशांच्या बाबतीत येतात. कुणी वर्गणी भरून सभासद झालं, पण पहिलं पुस्तक पुढच्या आठवड्यात नेणार आहे. त्यांचं नाव टाकायला जागा नाही. कार्यकारिणीने बालविभागाचा क वर्ग मंजूर केला, पण एकही मूल अजून दाखल झालेलं नाही, तर तीस रुपये हा ठराव कुठे लिहायचा? कांबळे सोडून अ वर्गात कुणीच नसेल आणि त्यांच्या जुन्या पावत्या पुसल्या, तर अ वर्गाची वर्गणी किती होती हेही संगणक विसरला. आणि ब वर्गाची वर्गणी तीसवरून चाळीस झाली, तर वर्षभराच्या हजारो पावत्यांतून ती बदलायची. अर्ध्यात वीज गेली की काही ब तीसवर, काही चाळीसवर.

मध्यस्थ दोन आहेत म्हणून तुकडेही दोनदा पडतात. सभासद, नाव आणि वर्ग यांचा तक्ता वेगळा, वर्ग आणि वर्गणी यांचा वेगळा. पावतीत उरतात पावती, तारीख आणि सभासद. सगळे मिळून पाच तक्ते:

```
पावती  (पावती, तारीख, सभासद)
सभासद (सभासद, नाव, वर्ग)
वर्ग    (वर्ग, वर्गणी)
पुस्तक (दाखल, पुस्तक, लेखक)
देवघेव (पावती, दाखल, परत)
```

देवघेवमध्ये ओळख पहिल्या दोन रकान्यांची मिळून, बाकी चारींत पहिल्या एकाची. चाळीस रुपये आता एका घरात बदलायचे.

वर दिलेल्या पाच डिपेंडन्सींची यादी आणि हे पाच तक्ते शेजारी ठेवून पाहिले तर दिसेल, की यादीतली प्रत्येक ओळ एक तक्ता झाली आहे. हा योगायोग नाही. यादी नेटकी असेल, तिच्यात फालतू काही नसेल, तर तिच्यावरून तिसऱ्या फॉर्मचे तक्ते थेट रचता येतात, हे फिलिप बर्नस्टाइन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. त्यात एवढंच पाहावं लागतं, की मूळ ओळख, म्हणजे इथे पावती-दाखलची जोडी, कुठल्या तरी एका तक्त्यात अखंड आहे. इथे ती देवघेवमध्ये आहे. मग टप्पे कशाला? माझ्या मते सरावलेल्या माणसाला ते लागत नाहीत, तो यादीच लिहितो. पण कोणत्या तक्त्यामुळे कोणती अडचण गेली, हे टप्प्याने गेल्यावरच कळतं, आणि समोरच्याला पाच तक्ते का, हे पटवून द्यायचं तर तेच सांगावं लागतं.

तोडलेलं पुन्हा जुळतं का, हे मात्र तपासायचंच. पाचही तक्ते समान रकान्यांवर जोडले, तर पहिल्या टप्प्यानंतरच्या त्या सातच ओळी परत मिळायला हव्यात, सहा नकोत आणि आठही नकोत. आपल्या तक्त्यांत मिळतात, कारण प्रत्येक ठिकाणी ज्या रकान्यावर जोड दिला तो निदान एका बाजूच्या तक्त्याची ओळखच आहे. समजा कुणी देवघेवमध्ये दाखल क्रमांकाऐवजी पुस्तकाचं नाव ठेवलं असतं, तर दोन्ही ‘पानिपत’ वाचनालयात आल्यावर शेखांची एक नोंद जोडताना दोन झाली असती: एकदा पाटलांचं, एकदा शेजवलकरांचं. गंमत म्हणजे ओळी वाढल्या आणि माहिती घटली, कारण शेखांनी नेमकं कोणतं नेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

एक प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘सभासद → वर्ग’ हे आपण खरं धरलं. पण देशमुख ऑगस्टमध्ये ब मधून अ मध्ये गेले तर? सभासदाच्या तक्त्यात ब पुसून अ येईल, आणि जूनची पावती २०३ काढून पाहिली तर तिच्यापुढेही अ दिसेल. वहीच्या पानावर मात्र ब लिहिलेलं आहे. कोण बरोबर? हे गणित सांगू शकत नाही, ते वर्गाचा रकाना वहीत कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. बाईंना विचारलं तर त्या सांगतात, “काउंटरवरच्या मुलाला किती पुस्तकं द्यायची ते कळावं म्हणून लिहितो. वर्गणीचं पावतीपुस्तक वेगळं आहे.” म्हणजे रकान्याचा अर्थ ‘आजचा वर्ग’ असा आहे आणि आपला तक्ता ठीक आहे. पण त्यांनी ‘त्या दिवशी कोणत्या वर्गाने पुस्तक दिलं, हे हिशेब तपासनीस बघतात’ असं म्हटलं असतं, तर वर्ग पावतीवरून ठरला असता, सभासदावरून नाही, आणि तो रकाना पावतीच्या तक्त्यातच राहायला हवा होता. दुकानाच्या बिलात वस्तूचा भाव लिहिलेला असतो तोही असाच. यादीतला भाव उद्या बदलेल, बिलातला बदलता कामा नये. दिसायला पुनरुक्ती, पण खरं तर दोन वेगळ्या गोष्टी. तिसऱ्या फॉर्मच्या नादात इतिहास पुसून टाकणं ही मला या कामातली सर्वांत महागडी चूक वाटते. ती करणाऱ्याच्या हातून व्याकरणाची एकही चूक झालेली नसते.

तिसऱ्या फॉर्मपर्यंत आल्यावर सगळं सुटलं असंही नाही. ‘मृत्युंजय’च्या चार प्रती असतील तर पुस्तकांच्या तक्त्यात नाव आणि लेखक चारदा येतील. ही पुनरुक्ती उरतेच, कारण नावावरून लेखक ठरत नाही हे आपण ‘पानिपत’मुळे मान्य केलं आहे, आणि जिथे डिपेंडन्सी नाही तिथे नॉर्मलायझेशनला काही दिसत नाही. ती काढायची तर प्रतींच्या दाखल क्रमांकाखेरीज प्रत्येक ग्रंथाला आणखी एक क्रमांक द्यावा लागेल. हा निर्णय वाचनालयाचा, सूत्राचा नाही. तसंच, परत न आलेली प्रत दुसऱ्याच्या पावतीवर चढू नये, हा नियमही या पाच तक्त्यांत कुठे बसत नाही. तो वेगळा बांधावा लागतो. रेमंड बॉइस आणि कॉड यांनी १९७४ मध्ये तिसऱ्याहून कडक असं एक फॉर्म दिलं. आपले पाच तक्ते त्यातही उत्तीर्ण होतात, कारण प्रत्येक तक्त्यात ठरवणारा रकाना हीच त्याची ओळख आहे.

तेव्हा आपल्या वाचनालयाची, पतपेढीची किंवा दूध संकलन केंद्राची वही संगणकावर घ्यायला कुणाला देणार असाल, तर पानाच्या फोटोबरोबर भिंतीवरच्या नियमावलीचाही फोटो पाठवा, शेवटचा रकाना कापू नका, आणि फोनवर येणाऱ्या बाळबोध प्रश्नांना कंटाळू नका. काम घेणाऱ्याने एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी टेबलं तयार करून पाठवली, तर ती परत करा.